बुकिंग १८ तारखेपर्यंत, गाडी मात्र १७ लाच गेली!

दि. ३ नोव्हेंबर २०२५
प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(प्रत : शाखा व्यवस्थापक, कोल्हापूर शाखा)

विषय : दिवाळीच्या सुट्टीची अपुरी सूचना, पाच पार्सलना झालेला उशीर आणि नुकसानभरपाईबाबत

महोदय,

मी घरी फराळ करून विकते. गेली चार वर्षं माझी सगळी पार्सलं तुमच्याच कोल्हापूर शाखेतून जातात, त्यामुळे हे पत्र लिहायला बसताना जड जातं आहे. पण २७ तारखेला तुमच्या काउंटरवर जे कळलं, ते तोंडी सांगून सोडून देण्यासारखं नाही.

तुम्ही सुट्टी घेतलीत याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. तुमच्याकडची पोरं वर्षभर लोकांच्या पायऱ्या चढतात, त्यांनीही अभ्यंगस्नान करावं, भाऊबीजेला बहिणीकडे जावं. तक्रार आहे ती सुट्टीच्या सूचनेबद्दल.

१३ ऑक्टोबरला तुमच्याकडून व्हॉट्सॲपवर एक चित्र आलं. पणत्या, रांगोळी, मोठ्या अक्षरात शुभेच्छा आणि खाली बारीक तीन ओळी : "दि. २० ते २४ ऑक्टोबर कार्यालय बंद राहील. १८ ऑक्टोबरपर्यंतचे बुकिंग स्वीकारले जाईल. २५ पासून सेवा पूर्ववत." माझ्यासारखीनं यातून काय समजायचं? शनिवारी १८ तारखेपर्यंत दिलेला माल निघेल, हेच. तरी खात्री करावी म्हणून १५ तारखेला शाखेत फोन केला. "शनिवारी दिलं तर जाईल ना?" असं विचारल्यावर "हो ताई, नोटिशीत दिलंय की" असं उत्तर मिळालं.

त्यावर विसंबून मी आठवडा आखला. पुण्या-मुंबईची नऊ पार्सलं शुक्रवारी १७ ला दिली. ती रविवारपर्यंत पोचली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. लांबची पाच, म्हणजे बंगळूरची तीन आणि हैदराबादची दोन, मुद्दाम शनिवारसाठी ठेवली. चकली जितकी उशिरा तळावी तितकी ताजी पोचते, म्हणून शुक्रवारी रात्री दीडपर्यंत तळण चाललं होतं. सकाळी ती पूर्ण गार झाल्यावरच पिशव्या सीलबंद केल्या, कारण कोमट चकली बांधली की आत वाफ धरते. अकरा चाळीसला तुमच्या काउंटरवर पाचही खोकी दिली. पावत्यांवर तीच वेळ आहे.

त्यानंतर आठ दिवस तुमच्या ट्रॅकिंगवर एकच ओळ होती : In Transit. कोल्हापूरहून रात्री निघालेली गाडी सकाळी बंगळूरला असते, हे आम्हालाही ठाऊक आहे. मग हे पार्सल आठ दिवस कोणत्या वाटेवर होतं? २७ ला शाखेत गेले तेव्हा तिथल्या मुलानं खरं सांगितलं. (त्याला याबद्दल रागावू नये ही विनंती, त्याच्या सरळपणामुळेच मला कळलं.) बंगळूर आणि हैदराबादकडची शेवटची गाडी शुक्रवारी १७ ला रात्रीच गेली होती. शनिवारी माल कमी आणि ड्रायव्हर गावाला गेलेले, म्हणून गाडी सोडलीच नाही. माझी खोकी बॅगेत भरून गोडाऊनमध्ये राहिली. बॅग बांधून नोंद केली की सिस्टीममध्ये In Transit दिसू लागतं, बॅग जागची हललेली नसली तरी. ती हलली २५ च्या रात्री. पार्सलं मिळाली २८ ला.

म्हणजे सूचनेतली १८ ही तारीख खरी होती, पण ती तुम्ही माल ताब्यात घेण्याची होती. माल निघण्याची शेवटची तारीख १७ होती आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती. ग्राहकाला उपयोग असतो तो या दुसऱ्या तारखेचा. ती कळली असती तर मी गुरुवारी तळण काढून पाचही खोकी शुक्रवारी दिली असती. माझ्या कामात एवढाच फरक पडला असता.

यातलं एक खोकं सांगते. राजारामपुरीतल्या एका आजींनी बंगळूरला राहणाऱ्या धाकट्या भावासाठी ते मागवलं होतं. प्रवास झेपत नाही म्हणून गेली दोन वर्षं त्या भाऊबीजेला फराळ पाठवतात, सोबत ओवाळणीच्या ताटातलं हळदकुंकू पुडीत बांधून. भाऊबीज होती २३ ला. खोकं उघडल्यावर भावानं फोटो पाठवला : चिवडा मऊ पडलेला, तळाशी बेसनाचे लाडू फुटून त्यांचा भुगा झालेला आणि चकलीला खवट वास. माझ्या चकल्या पंधरा दिवस सहज टिकतात, पण ते घरातल्या डब्यात. बंद गोडाऊनमध्ये इतर मालाखाली आठ दिवस दाबून राहिल्यावर नाही. आजींनी एका शब्दानं विचारलं नाही. मीच त्यांचे १,८५० रुपये परत केले.

आता उत्तरांबद्दल. २० ते २४ या काळात मी तीन मेल आणि एक तक्रार नोंदवली. प्रत्येक वेळी लगेच ठरावीक उत्तर आलं : "आपल्याला २४ तासांत संपर्क करू." कार्यालय बंद असताना हे वाक्य तसंच चालू ठेवणं म्हणजे ग्राहकाला उगाच फोन हातात धरून बसवणं. त्याऐवजी "२५ नंतरच उत्तर मिळेल" असं आलं असतं तर मी निदान पाच जणांना त्याच दिवशी खरं सांगू शकले असते. त्यावर कडी म्हणजे २४ ला माझी तक्रार आपोआप 'निकाली' निघाली. कुणीही वाचली नव्हती.

पावतीच्या मागे नाशवंत मालाची जबाबदारी पाठवणाऱ्याची असं छापलेलं आहे, याची मला कल्पना आहे. पण कोरडा फराळ दोन-तीन दिवसांच्या प्रवासात नासत नाही, तो नासला तुमच्या गोडाऊनमध्ये. शिवाय मी हा धंदा स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून करते, त्यामुळे 'व्यावसायिक वापर' म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मला लागू नाही असंही कृपया सांगू नये.

माझं मागणं असं आहे. पाच पार्सलचं भाडं २,१४० रुपये आणि आजींना परत दिलेले १,८५० रुपये, एकूण ३,९९० रुपये मला मिळावेत. १८ ते २५ ऑक्टोबर बॅग कुठे होती याचं लेखी उत्तर द्यावं. आणि पुढच्या सुट्टीच्या सूचनेत प्रत्येक दिशेची शेवटची गाडी कधी सुटते, ती चुकलेला माल कोणत्या दिवशी निघेल आणि पोचवायच्या गावची शाखा कधी बंद आहे, हे स्पष्ट लिहावं. कर्नाटकात यंदा नरकचतुर्दशी आणि बलिप्रतिपदेला सरकारी सुट्टी होती, भाऊबीजेला नव्हती. इथली सुट्टी आणि तिथली सुट्टी एकच असेल असं धरून चालत नाही. पणत्यांचं चित्र थोडं लहान केलंत की एवढी माहिती सहज मावेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. फोन करून "बघतो ताई" असं कृपया सांगू नये.

सोबत : पाच पावत्यांच्या प्रती, १३ तारखेची सूचना, ट्रॅकिंगचे आणि उघडलेल्या खोक्याचे फोटो.

आपली,
एक नियमित ग्राहक, कोल्हापूर