हंगामापूर्वी अधिपरिचारिका मिळणेबाबत (पत्र चौथे)

प्रति,
मा. उपसंचालक, आरोग्य सेवा
(मार्फत : मा. जिल्हा शल्यचिकित्सक)

महोदय,

सविनय सादर की, याच विषयावरचे हे आमचे चौथे पत्र. पहिल्या दोन पत्रांची पोच मिळाली, उत्तर आले नाही. तिसऱ्याला उत्तर आले, "खाटांचा वापर कमी असल्याने वाढीव पदांची आवश्यकता दिसून येत नाही." ते वाचून आमच्या इनचार्ज सिस्टर काही बोलल्या नाहीत, चष्मा पुसून लेबर रूममध्ये निघून गेल्या. म्हणून या वेळी लिपिकाला तोंडी मजकूर न सांगता रात्री बसून मीच लिहितो आहे. लांबले तर क्षमा असावी.

आधी ज्यांच्यामुळे हे तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय आजवर चालले त्यांचे ऋण मांडतो. साहेबांनी बदलून आल्यावर इथे एकदा भेट दिली होती, त्यामुळे बरीच मंडळी त्यांना चेहऱ्याने ठाऊक आहेत. जनरेटर साखर कारखान्याने दिला, आणि नुसता दिला नाही, कारखान्याचा फिटर आजही दर अमावास्येला येऊन तो चालू करून बघतो (अमावास्याच का, ते त्यालाच माहीत). बाळांचा वॉर्मर कन्या शाळेच्या एका निवृत्त बाईंनी निवृत्तिवेतनाच्या थकबाकीतून घेऊन दिला, पण नावाची पाटी काही लावू दिली नाही. बाजारपेठेतल्या गणेश मंडळाने एका वर्षी मिरवणुकीचा डीजे रद्द केला आणि तीस गाद्या दिल्या. करोनाच्या काळात शिक्षकांनी वर्गणी काढून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणले. बाळंतिणींना सकाळचे दूध डेअरीवाले आजही विनामूल्य पोचवतात, पावसात रस्ता तुटला तरी.

या गावाने आम्हांला वस्तू कधी कमी पडू दिली नाही. मात्र माणूस देणगीत मिळत नाही. तोही प्रयत्न झाला. गेल्या हंगामात कारखान्याच्या पैशातून रुग्ण कल्याण समितीमार्फत दोन मुली नेमल्या, नुकत्याच नर्सिंग पूर्ण केलेल्या. मुली गुणी होत्या. पण रीतसर आदेशावर नाव नाही म्हणून पोलीस केसच्या नोंदींवर त्यांची सही चालेना, रात्री त्यांना एकटे ठेवण्याचा धीर मला होईना, आणि फेब्रुवारीत त्या शहरातल्या खासगी दवाखान्यात गेल्या. त्यांना दोष देत नाही.

आता मुद्दा. आमच्याकडे अधिपरिचारिकांची मंजूर पदे ७. भरलेली ५. त्यातल्या एक प्रसूती रजेवर. म्हणजे हाताशी ४. आता एका खुर्चीचा हिशेब करू. खुर्ची म्हणजे अशी जागा जिथे चोवीस तास एक परिचारिका असलीच पाहिजे. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर वर्षाला १०९५ पाळ्या होतात. एका परिचारिकेच्या ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्ट्या ५२, अर्जित रजा ३०, किरकोळ रजा ८ आणि सणावाराच्या साधारण २० वजा केल्या, की उरतात २५५ पाळ्या. चौघींच्या मिळून १०२०. म्हणजे नियमाने वागायचे ठरवले, तर चौघींत मिळून एकसुद्धा खुर्ची वर्षभर भरत नाही. ती भरते आहे, कारण त्या सुट्ट्या घेत नाहीत. साती पदे भरली तरी दीड खुर्चीच्या थोडे वर जातो. आणि खुर्च्या तर तीन आहेत: लेबर रूम, वॉर्ड आणि अपघात विभाग. त्यासाठी १३ जणी लागतात. १३ हा आकडा हवेतला नाही, ३२८५ ला २५५ ने भागून आलेला आहे.

आता "खाटांचा वापर कमी" याबद्दल. खाटांची मोजदाद रात्री बाराला होते. सकाळी जुलाबाने कोमेजून आलेले मूल दिवसभर सलाईनवर राहून संध्याकाळी घरी गेले, तर ती खाट कागदावर रिकामीच. त्याहून मोठे कारण वेगळे आहे. रात्री एकच सिस्टर असेल आणि लेबर रूममध्ये आधीच एक बाई असेल, तर दुसरीला आम्ही १०८ बोलावून पुढे पाठवतो. तिला पुढे पाठवण्याचे वैद्यकीय कारण काहीच नसते, कारण असते ते आमच्या हातांचे. ती बाळंत होते जिल्हा रुग्णालयात, आकडा जातो त्यांच्या खात्यावर, आमची खाट राहते रिकामी, आणि त्या रिकाम्या खाटेवर बोट ठेवून आम्हांला माणसे नाकारली जातात. माणसे नाहीत म्हणून खाटा रिकाम्या, आणि खाटा रिकाम्या म्हणून माणसे नाहीत. हे चक्र आमच्या बाजूने तुटण्यासारखे नाही. संदर्भ सेवेची नोंदवही सोबत जोडली आहे. तिच्यात "कारण" या रकान्यात काय लिहिले आहे, तेवढे पाहावे ही विनंती.

भार का वाढतो आहे, हेही सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून शासनाने केसपेपर आणि उपचार निःशुल्क केले. चांगला निर्णय, गरीब माणूस दुखणे अंगावर काढायचा तो आता येतो. ओपीडीची रांग पिंपळापर्यंत जाते, पण ती दिवसाची गोष्ट आहे, ती आम्ही रेटतो. खरी अडचण गाळप हंगामाची. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या उतरतात, बीडकडच्या, नगरकडच्या, आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर राहतात. मुकादम मोजतो कोयत्यांत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोचे जोडपे, त्यांची कच्चीबच्ची त्यात धरलेली नसतात. आपला निकष मोजतो लोकसंख्येत, १ लाख २० हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय, आणि ती लोकसंख्याही २०११ च्या जनगणनेची. खोपीत राहणारी ही माणसे मूळची दुसऱ्या गावची, आणि सहा महिने आजारी पडतात इथे. गरोदर बाई सातव्या-आठव्या महिन्यातही मोळ्या उचलते. माता-बाल कार्ड गावाकडे राहिलेले, रक्तगट माहीत नाही, हिमोग्लोबिन कधी बघितलेले नाही. अशी बाई कळा सुरू झाल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते, बहुधा मध्यरात्रीनंतर.

गेल्या हंगामातली एक रात्र सांगतो. ड्युटीवर एक सिस्टर, एक वैद्यकीय अधिकारी, एक कक्षसेवक. १ वाजून ४० मिनिटांनी टोळीतली एक बाई बाळंत झाली. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन वेळेत दिले, बाळ रडले, सगळे नीट. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशयाचा कडकपणा आणि रक्तस्राव पाहायचा असतो, कारण गर्भाशय सैल पडले तर बाई फारशी तक्रार न करता रक्त गमावत राहते. १.५५ ची तपासणी सिस्टरांनी केली. २.०५ ला रात्रीची गाडी भरताना घोणस चावलेला माणूस आला. पाय सुजलेला, हिरड्यांतून रक्त येत होते.

सर्पदंशाला हात किती लागतात तेही पाहा. सुई लावायची, दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे आणि वीस मिनिटे नळी न हलवता ठेवायची. तेवढ्यात रक्त गोठले नाही, तर विष रक्तात उतरले असे समजायचे. २.१५ ला ठेवलेल्या नळीतले रक्त २.३५ ला पातळच होते. मग प्रतिविषाच्या दहा बाटल्या. प्रत्येकीत पावडर असते, ती दहा मिली पाण्यात विरघळवायची. जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून हळूहळू फिरवावी लागते. ॲड्रिनलीन भरून बाजूला ठेवायचे, कारण प्रतिविषाने अंगावर गांधी उठून श्वास अडकू शकतो, आणि सलाईन चालू झाल्यावर रुग्णाजवळून हलायचे नाही. सिस्टर सातवी बाटली फिरवत असताना बाळंतिणीची जाऊ दारात आली. म्हणाली, "ताई, पोरीचं लुगडं भिजलंय."

तेव्हा २.५० झाले होते. गर्भाशय मऊ पडले होते. पोटावरून चोळणे, सलाईनमधून ऑक्सिटोसिन, लघवीची नळी, १०८ ला फोन, हे सगळे सिस्टरांनी केले आणि उरलेल्या तीन बाटल्या डॉक्टरांनी स्वतः विरघळवल्या. बाई जिल्हा रुग्णालयात वाचली. सर्पदंशाचा माणूसही वाचला. पुढे तो कारखान्याचे साखरेचे पोते घेऊन आला होता, ते समितीत जमा केले.

पण बाळंतिणीच्या तक्त्यावर २.१०, २.२५ आणि २.४० या तीन चौकटी रिकाम्या आहेत. सकाळी बसून त्या भरता आल्या असत्या. ११० बाय ७०, ११० बाय ७०, कोणी विचारले नसते. सिस्टरांनी भरल्या नाहीत. नंतरच्या तपासणीत एका पाहुण्या अधिकाऱ्यांनी त्याबद्दल त्यांना सर्वांदेखत सुनावले. मी तेव्हा गप्प बसलो, त्याची बोच अजून आहे. त्या तक्त्याची प्रत, रुग्णाचे नाव झाकून, सोबत जोडली आहे. त्या तीन चौकटींत माणूस द्यावा, एवढेच या पत्रात मागतो आहे.

मागणी अशी : (१) रिक्त २ पदे तातडीने भरावीत. (२) १३ ला कमी पडणारी ६ पदे आकृतिबंधात वाढवावीत. त्याला वेळ लागणार हे माहीत आहे, म्हणून तोवर १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल ६ अधिपरिचारिका कंत्राटी द्याव्यात. (३) प्राथमिक आरोग्य केंद्रांतून प्रतिनियुक्तीवर देऊ नयेत, तिथे आधीच भगदाड आहे. (४) कंत्राटी भगिनींचे २१ दिवसांचे कुशल प्रसूती प्रशिक्षण झालेले नसल्यास सप्टेंबरात करून द्यावे. डिसेंबरात माणूस आला आणि जानेवारीत प्रशिक्षणाला गेला तर हंगाम संपतो. सोबत : हजेरीपत्रक, रजा हिशेब, संदर्भ नोंदवही व तक्ता यांच्या छायाप्रती, मागील तीन पत्रे व एक उत्तर. प्रत : रुग्ण कल्याण समिती, कारखाना, पंचायत समिती, सर्व देणगीदार मंडळी यांना माहितीस्तव, ज्यांचा मंत्रालयापर्यंत हात पोचतो त्यांनी हे पत्र सोबत न्यावे.

कळावे,
आपला विश्वासू,
वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय

ता. क. : येणाऱ्यांच्या राहण्याची काळजी नको. निवासस्थानाची दोन घरे गळत होती, ती तालमीच्या पोरांनी श्रमदानाने शाकारली आहेत. नळाला पाणी एक दिवसाआड येते.