ठेवायचं, द्यायचं, सोडायचं: आजीच्या पेटीबद्दल आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

इमारत पुनर्विकासाला गेली की भाड्याच्या वन बीएचकेत राहायचंय आणि तिथे माळा नाही. म्हणजे न्हाणीघरावरच्या माळ्यावरचं आणि दिवाणातलं सगळं खाली येणार. गाद्या, कुकर, बादल्या यांचं काय करायचं ते चुटकीसरशी ठरेल. घोडं अडणार आहे ते आजीच्या लोखंडी पेटीपाशी आणि अल्बमांपाशी, म्हणून तेवढ्याबद्दलच लिहिते.

पेटी उघडण्याआधी जागा ठरवा. नव्या घरात आठवणींच्या वस्तूंना गोदरेजच्या कपाटाचा मधला एक कप्पा आणि हीच पेटी, एवढंच मिळेल. कप्पा साधारण तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल भरतो. हे आधी ठरवायचं कारण असं, की एकेक वस्तू हातात घेऊन ‘ही जवळची आहे का?’ असं विचारलं तर उत्तर दरवेळी ‘हो’च येतं. त्याऐवजी ‘ही आत ठेवायची तर बाहेर काय काढू?’ असं विचारलं, की हात आपोआप दोन वस्तूंची तुलना करतो आणि निर्णय होतो.

मग तीनच ढीग. ठेवायचं ते त्याच दिवशी कप्प्यात किंवा पेटीत जायला हवं. ‘तात्पुरतं दिवाणात’ चालणार नाही. द्यायच्या वस्तूवर माणसाचं नाव लिहिलेली चिठ्ठी हवी. ‘कोणालातरी देऊ’ म्हणजे द्यायचं नव्हे, ते न घेतलेले निर्णय असतात. सोडायचं ते कापडी पिशवीत भरून तोंड बांधायचं आणि दोन दिवसांत घराबाहेर. पिशवी पारदर्शक नको, कारण आतली वस्तू दिसत राहिली की ती परत बाहेर निघते. ‘बघू नंतर’ असा चौथा ढीग करूच नका. आठवड्याभरात तोच सगळ्यांत मोठा होतो. फक्त कागदांसाठी एक वेगळी फाइल जवळ ठेवा, त्याबद्दल पुढे लिहिते.

एका बैठकीत एकच प्रकार घ्या आणि तासाभरावर थांबा. सकाळच्या चहानंतरची वेळ बरी. थकल्याची खूण सोपी आहे: सलग चार-पाच वस्तू ‘असू दे, असू दे’ म्हणत ठेवायच्या ढिगात जायला लागल्या की उठायचं. ज्याची वस्तू त्याचाच निकाल. आईच्या वस्तूंवर बाबांनी मत द्यायचं नाही आणि बाबांच्या डायऱ्यांवर आईने. माझी प्रगतिपुस्तकं आणि चित्रकलेच्या वह्यांचा निकाल मी इथूनच देते: दहावीची मूळ गुणपत्रिका फाइलमध्ये, बाकी सगळं रद्दीत.

सुरुवात भांड्यांपासून करा, फोटो अगदी शेवटी. फोटो हातात आले की सकाळ कशी जाते ते तुम्हाला ठाऊक आहे.

पेटीत पितळी डबे, तांब्याचा हंडा, घंगाळ आणि ताम्हनं असतील. आधी प्रत्येकावरचं नाव शोधा. जुन्या भांड्यांवर ठोकून घातलेली नावं काळपटपणात बुडून जातात. त्या जागी कोरडी पांढरी रांगोळी बोटाने चोळा आणि वरून सुकं फडकं हलकेच फिरवा. पूड ठिपक्यांच्या खाचांत अडकते आणि ‘सप्रेम भेट’, कोणाकडून, कोणत्या साली, सगळं पांढऱ्या अक्षरांत उठून दिसतं. मोबाइलने खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. हे चिंचेने घासायच्या आधी करायचं, कारण चकचकीत पितळेवर उजेड परावर्तित होतो आणि अक्षरं वाचता येत नाहीत.

आता निकाल. एकाच प्रकारच्या वस्तूंतली एकच ठेवायची. चार ताम्हनांतलं देवपूजेत रोज लागतं ते ठेवा, बाकीची ज्यांच्या घरी पूजा होते त्यांना द्या. हंडा-घंगाळ ठेवायचं असेल तर ते वापरात हवं, निदान दाराशी कुंडी म्हणून तरी. पेटीत ते अर्धी जागा खातं. पितळी पातेलं कोणाला स्वयंपाकासाठी देणार असाल तर कल्हई करूनच द्या. कल्हई उडालेल्या पितळेत आमटी-ताकासारखं आंबट कळकतं. मोडीत घालायचं असेल तर तांबं आणि पितळ घरीच वेगळं करा, कारण तांब्याला भाव जास्त मिळतो आणि मिसळून दिलं की सगळं पितळेच्या भावाने जातं. हंड्याच्या लोखंडी कड्या वजनातून वजा होतात, त्या आधीच काढलेल्या बऱ्या. घरच्या काट्यावर वजन करून ठेवा आणि दोन दुकानांत भाव विचारा.

साड्यांचं जरा नाजूक आहे. आजीची पैठणी उलगडताना ती पलंगावर पसरा, हवेत झटकू नका. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम त्या घडीवरच विरतं. घडीच्या रेषेवर दोन्ही बाजूंनी अगदी हलका ताण द्या. धागे सरकून उजेड दिसला किंवा बारीक चीर गेली, तर साडी नेसण्यापलीकडे गेली. अशी साडी कोणाला ‘नेस हं’ म्हणून देऊ नये. पहिल्याच कार्यात ती फाटेल आणि घेणारीला उगाच अपराधी वाटेल. तिचे पदर आणि काठ बहुधा शाबूत असतात, कारण तिथली वीण दाट असते. पदराचा एक हातभर तुकडा ठेवा, काठ भाचीच्या परकराला लावायला द्या, उरलेलं सोडा.

चांगल्या निघालेल्या साड्यांपैकी आई, तू खरंच नेसशील अशा दोन ठेव. त्या धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको; आत दमट हवा कोंडते आणि जर काळी पडते. डांबरगोळ्या ठेवायच्याच तर कापडात बांधून कोपऱ्यात, जरीला लागतील अशा नाहीत. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदल. हँगरला मात्र लावू नकोस, पदराच्या वजनाने रेशीम ताणलं जातं.

जुनी जर विकत घेणारे दारावर येतात. जर चांदीची की तांब्याची हे नुसतं बघून सांगता येत नाही, तेव्हा दारात सौदा करू नका. सुती नऊवारी मात्र गोधडीला द्या. मऊ झालेल्या सुती साड्याच गोधडीला चालतात. त्यात रेशमी साडी घातली तर थर सरकतात आणि टाके उसवतात, शिवणारी बाई सांगेलच. प्रत्येक पातळाचा थोडा भाग वरच्या थरात येईल असं तिला सांगा, म्हणजे कोणतं कुठलं ते ओळखता येईल.

फोटोंमध्ये कृष्णधवलची घाई नाही. त्यांतली प्रतिमा चांदीच्या कणांची असते, नीट ठेवलेले फोटो शंभर वर्षंही टिकतात. रंगीत फोटोंतले रंग मात्र अंधारातही हळूहळू उडतात. म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकांतले लाल-पिवळे झालेले फोटो आधी स्कॅन करायचे. पोस्टकार्डाच्या आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय पुरे, पासपोर्ट आकाराच्याला १२०० ठेवायला सांगा.

खरी डोकेदुखी म्हणजे चिकट पानांवर पारदर्शक कागद असलेले अल्बम. तो गोंद पिवळा पडून फोटोला धरून बसतो. कोपरा धरून ओढलात तर फोटो वाकतो आणि वरच्या थराला तडे जातात. त्याऐवजी दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोच्या मागे सरकवा आणि करवतीसारखा मागे-पुढे करत न्या. जिथे अडेल तिथे थांबा. तो फोटो पानासकट स्कॅन होतो. काचेला चिकटलेला फोटोही तसाच काचेवरून स्कॅन करायचा, पाणी लावायचं नाही.

ठेवायचे किती? तेच अल्बम पुन्हा भरायचे नाहीत. दोघांचे मिळून दोनशे फोटो ठेवू, कागदी पाकिटांत, प्रसंगावार. एका मुंजीचे ऐंशी फोटो असतील तर त्यात स्टेजवर रांगेने उभ्या पाहुण्यांचे साठ असतात. त्यातले पाच ठेवा, बाकीचे ज्यांचे त्यांना द्या. ओळखू न येणारे चेहरे आणि हललेले फोटो सोडा. नावं फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, ठसा पुढे उमटतो आणि गुळगुळीत कागदावर शाई वाळत नाही, ती पुढच्या फोटोला लागते. पाकिटावर आधी पेन्सिलने लिहा, मग फोटो आत घाला. बाबा, डावीकडून उजवीकडे नावं तुम्हीच सांगा, आजोबांच्या कचेरीतली माणसं तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाहीत.

पत्रांचे गठ्ठे सोडायच्या आधी प्रत्येक लिफाफा उघडून बघा. त्यांत जुनी शेअर प्रमाणपत्रं, पोस्टाची पासबुकं, जागेच्या पावत्या निघतात. हे सगळं कागदांच्या फाइलमध्ये. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअर सरकारी निधीकडे जातात, पण अर्ज करून परत मिळवता येतात, म्हणून ते रद्दीत जाता कामा नयेत. सोडायची पत्रं अख्खी रद्दीवाल्याला देऊ नका, आधी फाडा.

आजोबांचा चष्मा, काठी आणि कवळी यांपैकी चष्मा ठेवा. काठी चालण्याजोगी असेल तर द्या. कवळीचं वाईट वाटून घेऊ नका, ती सोडायचीच.

द्यायच्या वस्तूचा फोटो ज्याच्या नावाची चिठ्ठी आहे त्याला पाठवा आणि विचारा, ‘हवं आहे का? नको असेल तर नको म्हण.’ ‘आजीची आठवण आहे, ठेवशील ना?’ असं विचारलं तर कोणीही नाही म्हणणार नाही आणि तुमचा हंडा त्यांच्या माळ्यावर जाईल. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर ते ‘नाही’च समजा. काकांची पुस्तकं वाचनालयाला द्यायची असतील तर आधी यादी दाखवा. वाळवी लागलेली किंवा पानं सुटलेली ते घेत नाहीत.

हे सगळं पावसाळ्यानंतर करू. दमट हवेत फोटो एकमेकांना चिकटतात आणि रेशमाला बुरशीचा वास लागतो. माळ्यावरची पेटी मी आणि दादा काढू, बाबांनी स्टुलावर चढू नये. तोवर बसून करण्यासारखं एकच काम आहे: दिवाणातली भांडी आणि रांगोळीचा डबा.

तुमची,
लेक