इन्सुलिन, वाढलेलं वजन आणि पहाटेचं दूध

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले वहीच्या पानांचे फोटो पाहिले. इन्सुलिन सुरू झाल्यापासून पाच महिन्यांत वजन ६७ वरून ७२ झालं. त्यात रंकाळ्यावरच्या मंडळींनी "इन्सुलिननं माणूस सुजतो, बंद करा" असं सांगितलं, म्हणून तुम्ही पुढच्या आठवड्यापासून ते सोडायचं म्हणताय. सोडण्याआधी हे पत्र दोघांनी बसून वाचा. वजन वाढलंय हे खरं आहे आणि त्यात इन्सुलिनचा हात आहे हेही खरं. पण ही पाच किलो एका जातीची नाहीत.

दोन वर्षांपूर्वी तुमचं वजन ७३ होतं. ते ६७ वर आलं तेव्हा गल्लीत सगळे "बारीक झालात, छान दिसताय" म्हणत होते. तेव्हा एचबीए१सी होतं १०.२, म्हणजे दिवसरात्रीची सरासरी साखर २४६ च्या आसपास. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषून घेता येत नाही आणि उरलेली लघवीवाटे वाहून जाते. समजा दिवसाला ६० ग्रॅम जात होती. एका ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या तर रोजच्या २४०, म्हणजे दोन-अडीच पोळ्या खाल्ल्या आणि मोरीत सोडल्या असा हिशेब. महिन्याला हे सात हजारांच्या पुढे जातं, आणि एक किलो चरबीत साडेसात हजारांच्या आसपास कॅलरी असतात. शिवाय इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. जिना चढताना मांड्या भरून यायच्या, त्यामागे बहुधा हेही होतं.

इन्सुलिन सुरू झालं आणि ही गळती थांबली. जेवण मात्र तेच राहिलं, कारण गळती चालू असताना लागलेली भूक आणि ताटातलं माप लगेच बदलत नाही. त्यात इन्सुलिनचं कामच मुळी अन्न पेशींत पोचवणं आणि चरबी मोडू न देणं हे आहे. पहिल्या तीन महिन्यांत तुमचं वजन ६७ वरून ७० झालं, त्यातलं बरंचसं हे परत आलेलं वजन आहे. ते आजही तुमच्या जुन्या ७३ च्या आतच आहे. एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

नंतरच्या दोन महिन्यांत जे दोन किलो वाढले, ते मला खटकतात. वहीच्या शेवटच्या चार पानांवर, साखरेच्या आकड्याशेजारी, तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय : "पहाटे घाम, दूध घेतलं." असं सहा वेळा लिहिलंय. आईला फोनवर विचारलं तेव्हा कळलं की दूध म्हणजे म्हशीचं, पेलाभर, दोन चमचे साखर घालून, आणि सोबत चार बिस्किटं. सगळं मिळून तीनशेच्या वर कॅलरी होतात.

आता तुमच्या डॉक्टरांनी दिलेला नियम बघा. रात्री दहाला ग्लार्जिन हे इन्सुलिन १० युनिट. दर तीन दिवसांनी उपाशीपोटीची साखर १३० च्या वर असेल तर २ युनिट वाढवा. ७० च्या खाली गेली किंवा थरथर, घाम असं काही झालं तर वाढवू नका, डॉक्टरांना फोन करा. नियम चांगला आहे, जगभर साधारण असाच वापरतात. तुम्ही त्यातला पहिला भाग काटेकोरपणे पाळलात. पहाटे चारला साखर खाली जाते, तुम्ही दूध-बिस्किटं घेता, सात वाजता बोटाला टोचलं की १६०-१७० येते. तो आकडा उपाशीपोटीचा नाहीच, दुधाचा आहे. पण वहीत "उपाशी १६८" लिहिलं जातं, नियमाप्रमाणे दोन युनिट वाढतात, पुढच्या पहाटे साखर आणखी खाली जाते आणि दूध आणखी लागतं. असं करत डोस २६ वर पोचला. वजन वाढवणारं हे चक्र आहे. तुमच्या खाण्याला नाव ठेवायचं कारण नाही. साखर उतरल्यावर लागणारी भूक ही शरीराने मारलेली हाक असते, ती कोणाला दाबता येत नाही.

त्यात सकाळची ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅमची गोळी आहे. ही स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, आणि समोर साखर किती आहे हे फारसं न बघता सोडायला लावते. म्हणून तिच्यानेही वजन वाढतं आणि साखरही उतरते. रंकाळ्याची फेरी लांबली आणि जेवायला उशीर झाला की बाराच्या सुमाराला तुम्हाला जी थरथर होते, तिचा पहिला संशय हिच्यावर. तिचा परिणाम दिवसभर टिकू शकतो, तेव्हा पहाटेच्या घामातही तिचा वाटा असेल. मेटफॉर्मिनचं असं नाही. तिने वजन वाढत नाही, झालं तर थोडं उतरतं, म्हणून इन्सुलिन सुरू झालं तरी तुमची ती गोळी चालूच ठेवलीय.

हे खरंच असंच घडतंय का, ते तपासता येतं. लागोपाठ तीन रात्री तीनचा गजर लावा, मशीन उशाशी ठेवा आणि साखर बघा. ७० च्या खाली निघाली तर तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात ढवळून प्या. ती साधारण १५ ग्रॅम, म्हणजे साठ कॅलरी. पंधरा मिनिटं थांबून परत बघा, अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्या. दूध किंवा पेढा या कामाला चालत नाही : त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात सावकाश पोचते, बरं वाटायला वेळ लागतो आणि तोवर आणखी दोन पेढे पोटात जातात. आणि एकदा जरी तीन वाजता ७० च्या खाली दिसली, तर सकाळी डॉक्टरांना फोन करा, रात्रीचा डोस विचारल्याशिवाय घेऊ नका. अशा वेळी बहुतेकदा तो १० ते २० टक्के कमी करतात, म्हणजे तुमच्या २६ चे २१ ते २३ होतील. तीनचे आकडे १२०-१३० आले, तर माझा अंदाज चुकला असं समजा आणि आपण दुसरीकडे शोधू.

आता, वजन वाढवतं हे माहीत असून डॉक्टर इन्सुलिन देतातच का? ब्रिटनमध्ये १९७७ साली यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, नव्यानेच मधुमेह कळलेल्या ५,१०२ लोकांवर, आणि १९९८ साली त्याचे निकाल आले. साधारण दहा वर्षांत काटेकोर उपचार घेतलेल्यांचं एचबीए१सी ७.० राहिलं, बाकीच्यांचं ७.९. फरक एका टक्क्याहूनही कमी, पण डोळे, मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास चौथ्या हिश्श्याने घटले. त्याच अभ्यासात इन्सुलिनवाल्यांचं वजन इतरांपेक्षा सुमारे ४ किलो जास्त वाढलं, ग्लिमेपिराइडच्याच जातीची ग्लिबेनक्लामाइड ही गोळी घेणाऱ्यांचं १.७ किलो. म्हणजे वजनाची गोष्ट डॉक्टरांपासून लपलेली नाही, निकालांतच छापलेली आहे. तुमचं १०.२ होतं, ते आता ७.३ आहे. तराजूच्या एका पारड्यात हे, दुसऱ्यात पाच किलो. त्यातली तीन तुमचीच होती आणि दोन बहुधा डोस नीट केल्यावर उतरतील. मात्र एकाहत्तराव्या वर्षी तिसरं वजनही तराजूत टाकावं लागतं : पहाटे साखर उतरलेली असताना बाथरूमकडे जाताना पडणं. म्हणून तुमच्यासाठी एचबीए१सी साडेसहाचा हट्ट कोणी धरत नाही, सव्वासात-साडेसात पुरे.

इन्सुलिन सोडलंत तर वजन उतरेल, त्याबद्दल शंका नाही. ते लघवीवाटेच उतरेल, मागच्यासारखं.

सोमवारच्या भेटीत दोन गोष्टी विचारा. ग्लिमेपिराइड कमी किंवा बंद करता येईल का? इन्सुलिनसोबत ती अनेकदा कमी करतात. दुसरं, डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी तुम्हाला चालेल का? गंमत बघा, ही गोळी मुद्दामच लघवीवाटे साखर सोडते, त्यामुळे वजन दोन-तीन किलो उतरतं, पण इथे रक्तातली साखरही खाली येते. तिच्यासाठी आधी मूत्रपिंडाचं काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि ईजीएफआर बघावे लागतात. लघवीच्या जागी बुरशीचा त्रास होऊ शकतो, आणि उलट्या-जुलाब झाले किंवा खाणंपिणं सुटलं की ती तात्पुरती थांबवायची असते. तुमचा प्रोस्टेटचा त्रासही डॉक्टरांना आठवणीने सांगा, लघवी वाढते तिने.

आई, तुझ्या पट्टीवर पायोग्लिटाझोन १५ लिहिलंय. तिच्यानेही वजन वाढतं, पण त्यातलं काही पाण्याचं असतं. संध्याकाळी नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून ठेव. खळगा तसाच राहिला तर पाणी साठतंय. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननेही पाय सुजतात, त्यामुळे दोष कोणाचा ते डॉक्टर ठरवतील. तुला पायोग्लिटाझोन दिलीय ती इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही म्हणून, आणि एकटी असताना ती साखर फारशी खाली पाडत नाही. पण आठवड्यात दोन किलो वाढलं, किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर सोमवारची वाट बघायची नाही. हृदय कमजोर असेल त्याला ही गोळी देतच नाहीत.

वजन दोघांनीही आठवड्यातून एकदाच करा, रविवारी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही. बाबा, वहीत एक रकाना वाढवा : "रात्री काही खाल्लं का, किती वाजता." तो रकाना असता तर डॉक्टरांनी २६ पर्यंत जाऊच दिलं नसतं.

दूध पहाटेऐवजी न्याहारीबरोबर घ्या, बिनसाखरेचं. तिन्ही रात्रींचे आकडे शनिवारी मला पाठवा, आणि तोवर डॉक्टरांनी बदलला नाही तर आहे तोच डोस ठेवा, वाढवू नका.

तुमची,
लेक