गाइडला पाठवायचा तो मेल

प्रिय सोनू,

काल रात्री पाठवलेला ड्राफ्ट वाचला, दोनदा वाचला. त्यात "सॉरी" सहा वेळा आहे आणि तारीख एकच, तीही "गुरुवारपर्यंत नक्की". मी इतकी वर्षं असे मेल घेतलेत रे, गाइडच्या खुर्चीत बसलं की माफी पटकन वाचून होते आणि नजर खाली तारीख शोधत जाते.

आधी कारणाचं बोलू. तू लिहिलंयस की मंगळवारी नेट गेलं होतं, आणि मला फोनवर म्हणालास की तिसऱ्या डेटासेटचे ग्राफ झाले नव्हते म्हणून जायची हिंमत झाली नाही. हे मी पण खूप वेळा पाहिलंय, काम अडकलं की मुलं मीटिंग टाळतात, मग आठवडाभर गायब होतात, आणि खरं तर अडकलेलं असतानाच मीटिंग हवी असते. नेटचं काढून टाक. सरांना ते खरं वाटलं तर ते समजतील की मीटिंग सोडून बाकी सगळं ठीक आहे, आणि मग शुक्रवारी चॅप्टर का आला नाही ते कसं सांगणार? एकच वाक्य पुरे: "तिसरा सेट अपुरा होता म्हणून मी ४ तारखेची मीटिंग टाळली, आधी कळवलं नाही, ही माझी चूक." बस, घरच्या टेन्शनचा पॅराग्राफ नको.

आता तारीख. गुरुवार कुठून आला सांग? बहुतेक घाबरून आला. पहिल्या दोन सेटना तू दोन-दोन दिवस धरले होतेस आणि लागले पाच-पाच, कारण डुप्लिकेट नोंदी हाताने बघाव्या लागल्या, मग तिसऱ्याला पाचच धर ना. सोमवार १० ते शुक्रवार १४ सेट, शनिवार १५ आणि सोमवार १७ ग्राफ, १८ ते २१ डिस्कशन लिहायचं, रविवार मोकळा, आणि शनिवार २२ न् सोमवार २४ हे दोन दिवस गडबडीसाठी राखून ठेव कारण काहीतरी होतंच. म्हणजे पूर्ण चॅप्टर २४ च्या संध्याकाळी. ऐकायला उशीर वाटतो पण दुसऱ्यांदा तारीख चुकवण्यापेक्षा हा उशीर परवडला, पहिली चूक सर विसरतील, दुसरी नाही.

आणि सरांच्या बाजूनेही मोज. तुझा प्रोग्रेस सेमिनार पुढच्या महिन्याच्या १२ ला, कमिटीला ड्राफ्ट ५ ला जायचा. आधी सरांना वाचायला जवळपास चार आठवडे मिळत होते, आता दहा-अकरा दिवस. हे तू स्वतः लिही, त्यांना कॅलेंडर उघडून शोधायला लावू नकोस.

मी असं काहीतरी लिहिलं असतं, तुझ्या भाषेत करून घे:

"सर, मंगळवार ४ ची मीटिंग मी न कळवता चुकवली आणि शुक्रवार ७ ला चॅप्टर ३ दिला नाही, दोन्हीसाठी सॉरी. तिसरा सेट अपुरा होता म्हणून मी टाळाटाळ केली. मेथड्सचा भाग आणि पहिल्या दोन सेटचे रिझल्ट तयार आहेत, सोबत जोडतोय. १४ ला तिसऱ्या सेटचा टेबल पाठवतो, २४ ला पूर्ण चॅप्टर. सेमिनारची तारीख हलत नाही, पण तुम्हाला वाचायला दहा-अकरा दिवसच उरतात, ते चालेल का? १४ पर्यंत सेट झाला नाही तर दोनच सेटवर चॅप्टर पूर्ण करावा असं मला वाटतं. बुधवारी किंवा गुरुवारी १५ मिनिटं मिळाली तर यावर बोलता येईल, नाहीतर तुमच्या सोयीने."

बघ, जे झालंय ते जोडलंय, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण फाइल उघडली की सरांना दिसतं मुलगा काम करत होता. आणि १४ चा टेबल मध्ये मुद्दाम ठेवलाय, २४ पर्यंत शांतता नको. १४ लाच कळेल गाडी रुळावर आहे का, आणि दोन सेटचा पर्याय तेव्हाच वापरायचा, २३ ला रात्री नाही.

सब्जेक्टमध्ये "अपॉलॉजी" एवढंच नको, "४ ची मीटिंग, चॅप्टर ३: नव्या तारखा" असं लिही म्हणजे नंतर शोधताना सापडेल. को-गाइड मॅडमही त्या मीटिंगला आल्या होत्या ना? मग त्या सीसीत हव्यात, त्यांचा पण तास गेला. आणि सरांचं उत्तर यायच्या आधी कॅलेंडर इन्व्हाइट टाकू नकोस, ते जरा अतीच होतं.

उद्या सकाळी पाठव, परत मला दाखवत बसू नकोस. आणि हो, सीसीत मला नाही रे टाकायचं, मागच्या वेळी टाकलं होतंस.

आई