झाकण न उघडलेला डबा : आमच्या बाईंना पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी पालकसभेत मुलांच्या डब्याविषयी तुम्ही जे बोललात, त्याबद्दल आभार मानायला हे उघडं पत्र लिहीत आहोत. उघडं अशासाठी की, बरेच पालक कामावर असल्यामुळे सभेला येऊ शकले नाहीत आणि तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही स्वयंपाकघरात पोचायला हवं. आमच्यातल्या काही जणी अंगणवाडीत आणि आहाराच्या क्षेत्रात काम करतात. त्यामुळे जिथे दोन गोष्टी जोडाव्याशा वाटल्या, तिथे जोडल्या आहेत.

‘मूल हट्टी आहे, जेवायचा कंटाळा करतं’ असं म्हणून तुम्ही विषय मिटवला नाहीत, हे आम्हाला सगळ्यात पटलं. दुसरीतला एक मुलगा तुम्ही नाव न घेता उदाहरणाला घेतलात आणि त्याचा डबा सकाळी साडेसहापासून दहाच्या सुट्टीपर्यंत आमच्या डोळ्यांपुढे ठेवलात. साडेसहाला तव्यावरची गरम पोळी आणि बटाट्याची भाजी स्टीलच्या डब्यात गेली, रबरी रिंगवालं झाकण लगेच घट्ट बसलं आणि डबा दप्तरात गेला. आतली वाफ थंड होऊन तिचं पाणी झालं की डब्यातला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण आत दाबून धरते. दहा वाजता तो मुलगा नळावर हात धुऊन येतो आणि ओल्या, निसरड्या बोटांनी क्लिप ओढतो. झाकण काही हलत नाही. बाईंना सांगायची लाज, मित्र खेळायला पळालेले. डबा तसाच घरी, आणि घरी प्रश्न ठरलेला : ‘का खाल्लं नाहीस?’

झाकणाचा मधला भाग किंचित खाली बसलेला दिसला किंवा उघडताना ‘फट्’ आवाज झाला, तर कारण हेच. यावरचा तुमचा उपाय फुकटातला आहे. पोळी आणि भाजी ताटात पसरून दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे वाफ दिसेनाशी होईपर्यंत, ठेवायची आणि मगच डबा बंद करायचा. याने दुसराही फायदा होतो. झाकणाला जमलेलं पाणी पोळीवर ठिबकत नाही, त्यामुळे ती वरून ओली आणि कडेने चामट होत नाही. पोळी फॉइलमध्ये गुंडाळून द्यावी असं तुम्ही म्हणालात, त्याबद्दल मात्र आमचं मत थोडं वेगळं आहे. गरम पोळी फॉइलमध्ये गुंडाळली की वाफ तिथेच अडकते. त्यापेक्षा स्वच्छ सुती फडकं बरं, ते जास्तीचं पाणी शोषून घेतं. कणीक कोमट पाण्याने, चमचाभर तेल घालून मळली तर पोळी दहा वाजेपर्यंत मऊ राहते.

डबा उघडायची तालीम रविवारी घरी जमिनीवर बसवून घ्यावी, मुलाचे हात मुद्दाम ओले करून. ज्या डब्याचं झाकण त्याला तीनदा सलग उघडता येत नाही, तो डबा कितीही महागाचा असो, त्याच्या कामाचा नाही.

नंतर तुम्ही दातांकडे वळलात, आणि तिथे बऱ्याच जणी चमकल्या. खालचे पुढचे दात साधारण सहा-सात वर्षांत पडतात, वरचे सात-आठ वर्षांत. म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गात चावा घेऊन तोडायला पुढे दातच नसतात. पोळीचा रोल किंवा पोदेराकडचा कडक सालीचा उंडो या मुलांना तोंडाच्या कोपऱ्यात घेऊन ओढावा लागतो, आणि त्यातच सुट्टी संपते. पोळीच्या बोटभर रुंद पट्ट्या कराव्यात, पावाचे चार तुकडे. पातळ भाजी पावात भरून दिली तर दहापर्यंत त्याचा लगदा होतो, म्हणून भाजी सुकी करावी किंवा वेगळ्या वाटीत द्यावी. ओल्या खोबऱ्याची चटणी आपल्या दमट हवेत लवकर आंबते आणि मूल वासानेच डबा बाजूला सारतं. सुकं खोबरं भाजून केलेली चटणी टिकते.

तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मांडलेला हिशेबही इथे देतो. सुट्टी वीस मिनिटांची. वही-पुस्तकं आवरून बाहेर पडायला तीन मिनिटं, नळाच्या रांगेत पाच, बसून डबा काढेपर्यंत आणखी दोन. उरली दहा, आणि त्यात खेळायचंही असतं. त्या मुलाला एक पोळी-भाजी संपवायला तुम्ही मोजलेला वेळ बारा मिनिटं होता आणि डब्यात पोळ्या होत्या तीन!

किती द्यावं, हा प्रश्न इथेच सुटतो. आपली शाळा साडेबाराला सुटते, मूल एकच्या आसपास घरी भात-आमटी जेवतं. म्हणजे हा डबा जेवण नाही, दहाचा नाश्ता आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1360 आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाला सुमारे 1700 कॅलरी लागतात. त्यातला पाचवा हिस्सा सुट्टीत गेला तरी पुष्कळ झालं. एक मध्यम पोळी, दोन-तीन चमचे मुगाची किंवा अळसांद्याची सुकी उसळ आणि एक लहान केळं, एवढ्यात ते भागतं.

शिवाय शाळेत माध्यान्ह आहार येतो, हे आपण घरी विसरतो. प्राथमिकच्या मुलासाठी त्याचं सरकारी प्रमाण 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं असं आहे. बचतगटाच्या बायका आणतात ती पाव-भाजी मुलाने आवडीने खाल्ली आणि मग घरचा डबा परत आला, तर ते मूल उपाशी नाही. आहार खाणाऱ्या मुलाला घरून नुसतं फळ पुरे. परत आलेल्या डब्यावरून भांडण्याआधी ‘आज शाळेत काय होतं?’ एवढं विचारावं.

परतलेला डबा वाचायला तुम्ही शिकवलंत, तेही लिहून ठेवतो. न उघडलेला असेल तर झाकण तपासावं. भाजी संपली आणि पोळी उरली, तर पोळी कडक झाली होती. पोळीचा मधला मऊ भाग खाऊन कडा ठेवल्या असतील, तर दातांचा प्रश्न. सगळ्यातलं थोडं थोडं गेलं असेल, तर वेळ पुरला नाही. आणि पाण्याची बाटलीही भरलेलीच परत येत असेल, तर मूल शाळेच्या संडासाला जायला टाळतंय का, हे हळूच विचारावं. पोट साफ नसलं की भूकही मरते.

मात्र मूल घरीही एकच्या जेवणाला दोन घास खाऊन उठत असेल, चेहरा फिकट दिसत असेल, माती-खडू खात असेल किंवा सहा महिन्यांत वजन किलोभरही वाढलं नसेल, तर डबा बदलत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावं. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला शाळेत जंताची गोळी देतात, त्या दिवशी मूल गैरहजर राहिलं असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन चौकशी करावी.

शेवटी एक विनंती. दहाच्या सुट्टीत नळाची रांग मोडायला आम्ही दोघी-दोघी आळीपाळीने यायला तयार आहोत. पहिली-दुसरीच्या मुलांना पाच मिनिटं आधी हात धुवायला सोडलंत तर त्यांना दहाची पंधरा मिनिटं मिळतील. आपली परवानगी असेल तर येत्या सोमवारपासून सुरुवात करू. साबण आम्ही आणू.

आपल्या,
पहिली आणि दुसरीच्या वर्गांतील पालक
फोंडा, गोवा