अर्जातली ती एक ओळ

मिरज, १३ जुलै २०२५

चि. रेश्मा हिस,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी मी फोन मध्येच ठेवला ते चुकलंच. तुझा अर्ज त्यानंतर चष्मा लावून दोनदा नीट वाचला. अक्षर चांगलं आहे, भाषा चांगली आहे, आणि तू परत कामावर निघालीस याचा मला आनंद नाही असं मनात आणू नकोस. पण शेवटून तिसरी ओळ, ‘मी कोणत्याही पाळीत काम करण्यास तयार आहे’, ही खोड. त्यावरूनच आपलं वाजलं, म्हणून आता फोनवर नको, कागदावर सांगते.

आधी बाकीचं. अर्ज प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या नावाने आहे ते बरोबरच, पण त्यांच्या टेबलावरून तो मेट्रनकडे जाणार आणि तिथे तो दोन मिनिटांत वाचला जाणार. ‘माझ्या पात्रतेनुसार कोणतेही पद’ असं लिहिलंस की तो बाजूच्या गठ्ठ्यात पडतो. विषयातच लिही: ‘मेडिसिन वॉर्डातील स्टाफ नर्स पदासाठी अर्ज’. जागा कुठल्या वॉर्डात आहे हे तुला माहीत असताना मोघम कशाला?

मग रजिस्ट्रेशन. तू लिहिलंस, ‘मी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीकृत आहे.’ एवढ्याने कोणाचंच काम होत नाही. नोंदणी क्रमांक लिही, नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही नोंदी आहेत ते लिही, पहिली नोंदणी जून २०१९ ची आणि गेल्या वर्षी केलेलं नूतनीकरण कोणत्या तारखेपर्यंत चालतं तेही लिही. नूतनीकरण दर पाच वर्षांनी लागतं, आणि मधे घरी बसलेल्या मुली नेमकं तेच विसरतात, म्हणून तुझ्यासारखीच्या अर्जात मेट्रनची नजर आधी त्या तारखेवर जाते. तू विसरली नाहीस, मग ते दिसू दे की! एनयूआयडी मिळाला असेल तर तोही त्याच ओळीत.

खरी गाठ नावाची आहे. कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर तुझं माहेरचं नाव, पहिल्या नर्सिंग होमच्या अनुभवपत्रावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं, आणि अर्जावर तू सही केलीस सासरच्या नावाने. आपल्याला माहीत आहे की ही एकच बाई आहे. कागद तपासणाऱ्याला त्या दोन बायका दिसतात. मोठी हॉस्पिटलं क्रमांक कौन्सिलकडे पडताळून घेतात. नाव जुळलं नाही की कागद तिथेच अडकतो आणि तुला कोणी फोन करून विचारत बसत नाही. म्हणून अर्ज रजिस्ट्रेशनवरच्याच नावाने कर, त्याखाली ‘विवाहानंतरचे नाव’ म्हणून सासरचं लिही आणि विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत जोड. कौन्सिलकडे नाव बदलायचा अर्जही आता करून टाक. लग्नाला चार वर्षं होतील, तेव्हापासून सांगते आहे. बरं, राहू दे.

अनुभवाचं गणित तू चुकवलंस. ‘सुमारे चार वर्षे’ लिहिलं आहेस. मी बोटं मोजली. नर्सिंग होम १ ऑगस्ट २०१९ ते ३१ मार्च २०२१, म्हणजे एक वर्ष आठ महिने. मोठ्या हॉस्पिटलातला मेडिकल वॉर्ड १ जून २०२१ ते ३० नोव्हेंबर २०२२, म्हणजे दीड वर्ष. मिळून तीन वर्षं दोन महिने. तू इंटर्नशिपचे सहा महिने धरलेस आणि मधले दोन महिनेही. रजिस्ट्रेशनच्या आधीचं काम अनुभवात धरत नाहीत. तारखा शेजारी असताना वाचणारी बेरीज करणारच, आणि बेरीज चुकली की मग तिला बाकीचंही फुगवलेलं वाटतं.

तेव्हापासूनच्या अडीच वर्षांवर तू काहीच लिहिलं नाहीस. रिकामी जागा सोडू नकोस. ‘डिसेंबर २०२२ पासून अपत्यसंगोपनासाठी सेवेत खंड’, एवढी एक ओळ पुरे. माफी मागायची नाही, कारणं वाढवायची नाहीत.

आणि ‘सर्व प्रकारची रुग्णसेवा केली’ हे वाक्य काढ. किती खाटांचा वॉर्ड, रात्री तुझ्याकडे किती पेशंट, हाताने काय काय केलंस ते लिही: आयव्ही लावणं, रायल्स ट्यूब, कॅथेटर, रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ थांबून टेंपरेचर-पल्स-बीपी घेणं, शुगर चार्ट आणि इन्सुलिन. जे लिहिशील त्यावर मुलाखतीत विचारणार, आणि खंड पडलेलीला इन्सुलिनवरच धरतात. तुला येतं ते, पण एकदा उजळणी कर. वायल बहुतेक चाळीसची, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट, तिला लाल टोपणाची सिरिंज. पेनाचं कार्ट्रिज शंभरचं. पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढलं तर आत जातात पंचवीस युनिट, आणि पहाटे पेशंट घामाने थबथबलेला सापडतो. उलट चाळीसच्या वायलमधून शंभरच्या, नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये दहा ओढले तर जातात फक्त चार, मग शुगर उतरत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. ‘ओढायच्या आधी काय बघशील?’ असं विचारलं तर वायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे पहिलं सांग. पेशंटचं नाव आणि डोस त्यानंतर.

आता पाळी. तुझी ओळ वाचून मेट्रन खूश होईल आणि पहिल्याच महिन्यात तुला ओळीने दोन आठवडे नाईट लावेल. ती दुष्ट आहे म्हणून नाही, तू लिहून दिलंस म्हणून. मग तिसऱ्या रात्री तू फोन करून सांगणार की पिंट्याजवळ कोणी नाही, आणि तुझ्या नावापुढे जो शेरा बसेल तो पुसायला वर्ष जातं. ‘नाईट जमणार नाही’ असं लिहिलंस तर मात्र वॉर्डची जागा विसर. ओपीडीत जा म्हणतील.

म्हणून हिशेब करून लिही. तीस खाटांचा वॉर्ड, रात्री दोघी, महिन्याच्या तीस रात्री, म्हणजे साठ ड्युट्या. यादीवर दहा जणी असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला सहा. तू सहा रात्री दिल्यास की तुझा वाटा पूर्ण होतो, कोणी तुझ्या वाटची नाईट केली असं म्हणू शकत नाही.

त्या सहा कधी, ते महेशरावांच्या पाळीवर आहे. सेकंडला ते दुपारी जातात आणि रात्री एकला येतात. तू सव्वासातला निघालीस तर पोर तोपर्यंत कोणाकडे? थर्डला तर प्रश्नच नाही. उरला फर्स्टचा आठवडा. रात्री ते घरी, पहाटे पावणेसहाला चाकणची बस. तू येणार नऊला. म्हणजे पिंट्याचे तीन तास, त्यातला पहिला तासभर तो झोपलेलाच. समोरच्या काकू तेवढं बघतील. दर तीन आठवड्यांनी फर्स्ट येते, म्हणजे कुठल्याही महिन्यात सोमवार ते शनिवार असा एक आठवडा मिळतोच. मी कॅलेंडरवर डिसेंबरपर्यंत खुणा करून पाहिल्या. तर ओळ अशी लिही:

‘सकाळ व दुपार पाळीसाठी मी कायम उपलब्ध आहे. रात्रपाळी दरमहा सलग सहा रात्री करू शकेन. सोयीचा आठवडा मागील महिन्याच्या वीस तारखेपर्यंत लेखी कळवीन. हँडओव्हरसाठी पाळीच्या पंधरा मिनिटे आधी हजर राहीन.’

वीस तारीख यासाठी की पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट महिनाअखेरीस लागते. लागल्यावर बदल मागितलास तर ती भीक. आधी कळवलंस तर मेट्रन तुझ्याभोवती यादी बसवते.

इतकं सगळं जमतं. मला झोंबतं ते पुढचं. नाईट आठला संपते म्हणतात, हँडओव्हर होऊन, क्रॅश कार्टचं कुलूप बघून निघेपर्यंत साडेआठ. काकूंना शाळेत जायचं असतं, म्हणून तू घाई करणार, आणि बारा तास उभी राहिलेली बाई सिंहगड रोडच्या त्या गर्दीतून स्कूटी घालणार. डुलकी लागायला दोन सेकंद पुरतात आणि लागली हे कळतसुद्धा नाही. अमितचं हेल्मेट अजून माळ्यावर आहे. मी काढत नाही, बाबाही काढत नाहीत.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

त्या सहा दिवसांत बसने ये. स्कूटी जिन्याखाली राहू दे. उशीर होईल, होऊ दे; काकूंना आधीच साडेनऊ सांग. नाहीतर पहिले दोन महिने मी येते त्या आठवड्यापुरती. बाबांची मंगळवार-शुक्रवारची सोय तुझ्या आत्यानं करते म्हटलं आहे, आणि तिला करू दे, तिलाही बरं वाटतं. पिंट्या मला ओळखेल ना? फोनवर नुसता पळत असतो. तू त्याच्याएवढी असताना माझी टोपी डोक्यावर ठेवून बाहुलीचा पल्स बघायचीस, मनगटावर नाही, गुडघ्यावर. दिवसा पडदे लावून झोपायचं मात्र, भांडी मी घासेन. पुन्हा उपदेश झाला.

कागद निळ्या फाइलमध्ये लाव. झेरॉक्सचे तीन संच, स्वतः सही केलेले. मूळ सर्टिफिकेट दाखवायला ने, दाखव आणि घेऊन ये. ‘जमा करा’ म्हणाले तर ‘पडताळणी करून परत द्या, मी थांबते’ एवढंच म्हण आणि खरोखर थांब. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय जिना उतरू नकोस.

मुलाखतीला स्कूटीवर गेलीस तरी चालेल, दिवसा आहे. पोचलीस की मिस्ड कॉल दे.

तुझी,
आई

ता.क. विवाह नोंदणीचा दाखला तुझ्याकडे नाही, इथे लोखंडी कपाटात आहे. उद्या कुरिअर करते.