मंजुरीनंतर बदललेली पोस्ट फेरमंजुरीशिवाय प्रसिद्ध झाल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,

विषय : शेड्यूल केलेल्या पोस्टमध्ये मंजुरीनंतर बदल झाला तरी मंजुरी कायम राहते, या गंभीर दोषाबाबत.

महोदय,

आमची नागरी सहकारी बँक स्वतःच्या फेसबुक आणि इन्स्टाग्राम पेजवरील सर्व पोस्ट आपल्या सॉफ्टवेअरमधून शेड्यूल करते. मजकूर आणि चित्रे आमच्याकडे काम करणारी जाहिरात संस्था तयार करते, आणि बँकेची प्रसिद्धी अधिकारी या नात्याने ती तपासून मंजूर करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. मंजुरीची ही सोय आपल्या मूळ योजनेत नाही. केवळ त्या सोयीसाठी आम्ही वरच्या दराची योजना घेतली, आणि ती घेताना आपल्या विक्री प्रतिनिधीने आम्हाला स्पष्ट सांगितले होते की व्यवस्थापकाने पाहिल्याशिवाय एकही पोस्ट बाहेर जाणार नाही. हे आश्वासन खरे ठरलेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रकरण ४४४ दिवसांच्या मुदत ठेव योजनेच्या पोस्टचे आहे. नव्या परिपत्रकाप्रमाणे या योजनेचा व्याजदर ७.२५ टक्के आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी ७.७५ टक्के असा ठरला होता. संस्थेने पोस्ट तयार करून सोमवारी सकाळी ९ वाजताची वेळ लावली आणि ती माझ्याकडे पाठवली. शुक्रवारी संध्याकाळी मी परिपत्रक समोर ठेवून चित्रातील आणि मजकुरातील प्रत्येक आकडा ताडून पाहिला, मुदत आणि योजनेचा प्रारंभ दिनांक तपासला आणि पोस्ट मंजूर केली. पोस्टवर `Approved` अशी हिरवी खूण आली.

शनिवारी संस्थेतील डिझायनरला चित्रातील बँकेचे बोधचिन्ह लहान वाटले. तिने तेच चित्र मोठ्या बोधचिन्हासह पुन्हा चढवायचे ठरवले, पण फोल्डरमधून निवडली गेली ती याच योजनेच्या आधीच्या जाहिरातीची फाइल. रंग, मांडणी, छायाचित्र सर्व तेच होते. फक्त दर जुने होते, ७.७५ आणि ८.२५ टक्के. आपल्या सॉफ्टवेअरने चित्राची ही अदलाबदल स्वीकारली, हिरवी खूण तशीच ठेवली, मला ईमेल किंवा सूचना काहीही पाठवले नाही, आणि सोमवारी ९ वाजता माझ्या मंजुरीच्या आधारावर मी कधीही न पाहिलेले चित्र बँकेच्या दोन्ही पेजवर प्रसिद्ध केले.

तासाभरातच एका शाखेतून फोन आला. एक ज्येष्ठ ग्राहक मोबाईलवरील पोस्ट दाखवून ८.२५ टक्क्यांनी पाच लाखांची ठेव ठेवू इच्छीत होते. सरळव्याजाने पाहिले तरी अर्ध्या टक्क्याचा हा फरक ४४४ दिवसांत तीन हजार रुपयांच्या थोडा वर जातो. रक्कम लहान आहे, तेव्हा त्या ग्राहकाला तो दर देऊन विषय मिटवायला हवा होता, असे आपल्याला वाटू शकेल. बँकेला तसे करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे ठेवींचे दर आधी जाहीर करावे लागतात आणि ते सर्व शाखांत, सर्व ग्राहकांना सारखे ठेवावे लागतात. एखाद्याने जाहिरात दाखवली म्हणून त्याला वेगळा दर देण्याची मुभा नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे आमच्याकडे ठेवी ठेवणाऱ्या माणसाला, बँकेने स्वतः प्रसिद्ध केलेला दर बँक देणार नाही, असे शाखाधिकाऱ्याला सांगावे लागले. इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध झालेल्या पोस्टचा मजकूर बदलता येतो, पण त्यातील छायाचित्र बदलून दुसरे लावता येत नाही, म्हणून पोस्ट काढून टाकण्यावाचून आमच्यापुढे मार्ग नव्हता. तोवर तिचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले होते, आणि त्यापुढचे अनेक दिवस सर्वच शाखांना खुलासे द्यावे लागले.

डिझायनरची फाइल चुकली हे खरे आहे आणि त्याबद्दल आम्ही संस्थेशी स्वतंत्रपणे बोललो आहोत. परंतु अशा चुका होतात म्हणूनच तपासणीचा टप्पा ठेवलेला असतो. बँकेच्या संगणक प्रणालीत एक कर्मचारी नोंद करतो आणि दुसरा ती अधिकृत करतो, ज्याला आम्ही मेकर-चेकर पद्धत म्हणतो. तिथे अधिकृत झालेल्या नोंदीत पहिल्या कर्मचाऱ्याने एक अक्षर जरी बदलले, तरी ती नोंद पुन्हा दुसऱ्याकडे जाते. चेकच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. सीटीएस पद्धतीने वटणाऱ्या चेकवर रक्कम किंवा नाव खोडून दुरुस्त केलेले असेल, तर शेजारी सही असली तरी तो स्वीकारला जात नाही. मंजुरी ही नेहमी विशिष्ट मजकुराला दिलेली असते. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती पोस्टच्या क्रमांकाला चिकटवलेली आहे आणि त्या क्रमांकाखाली नंतर काय ठेवले जाते याच्याशी तिचा संबंध उरत नाही, हा मूळ दोष आहे.

हा अंदाज नाही. घटनेनंतर आम्ही एक चाचणी पेज जोडून तपासले. मंजूर पोस्टचा मजकूर बदलला, चित्र बदलले, मजकुरातील दुवा बदलला, प्रसिद्धीची वेळ पुढे ढकलली. प्रत्येक वेळी मंजुरी कायम राहिली. फक्त नवे पेज जोडल्यावर पोस्ट `Pending Approval` या स्थितीत परत गेली. म्हणजे बदल ओळखून मंजुरी मागे घेण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे, पण ती पोस्ट कुठे जाणार एवढेच पाहते, काय जाणार ते पाहत नाही. याचा आणखी एक अर्थ असा होतो की ज्याला मंजुरीशिवाय प्रसिद्ध करण्याचा अधिकारच दिलेला नाही, असा वापरकर्ता एखादी निरुपद्रवी पोस्ट मंजूर करून घेऊन तिच्यात हवे ते भरू शकतो. आमच्याकडे हे अनवधानाने घडले. दुसरीकडे कोणी ते हेतुपुरस्सर करू शकेल.

आपल्या मदत कक्षाने आम्हाला कळवले की हा बिघाड नसून जाणीवपूर्वक केलेली रचना आहे, कारण स्वल्पविराम बदलला तरी पुन्हा मंजुरी मागितली तर ग्राहक वैतागतात. ही अडचण मी समजू शकते. रोज अनेक पोस्ट टाकणाऱ्या संस्थेला प्रत्येक किरकोळ दुरुस्तीसाठी साहेबांची वाट पाहणे परवडणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून सर्वांची तपासणी पोकळ करणे योग्य नाही. कोणत्या बदलाने मंजुरी रद्द व्हावी, हे खात्याच्या प्रशासकाला ठरवू द्यावे, आणि त्याने काहीच ठरवले नसेल तर कडक नियम आपोआप लागू असावा. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. मंजुरीच्या क्षणी मजकूर, प्रत्येक चित्र, दुवा, पेज आणि वेळ यांचा मिळून एक हॅश नोंदवून ठेवता येतो आणि प्रसिद्धीच्या क्षणी तो पुन्हा काढून ताडता येतो. दोन्ही जुळले नाहीत तर पोस्ट थांबवावी आणि मंजुरी देणाऱ्याला कळवावे. फेरमंजुरीच्या वेळी आधीचे आणि नंतरचे रूप शेजारी शेजारी दाखवले, तर स्वल्पविरामाची दुरुस्ती मंजूर करायला काही क्षण पुरतील, आणि ग्राहकांच्या ज्या वैतागाचा आपण उल्लेख केला तोही बराच कमी होईल.

चौकशी करताना दुसरी एक उणीव लक्षात आली. पोस्टच्या इतिहासात शनिवारच्या बदलापुढे केवळ `Edited` एवढीच नोंद आहे. बदल कोणी केला आणि किती वाजता केला ते दिसते, पण काय काढले आणि काय घातले हे दिसत नाही, आणि मी मंजूर केलेले चित्र तर आपल्या सर्व्हरवर कुठेच उरलेले नाही. मी योग्य दरांचे चित्र मंजूर केले होते हे आमच्या व्यवस्थापनासमोर सिद्ध करण्यासाठी मला डिझायनरच्या संगणकावरील फाइल आणि जुने ईमेल यांचा आधार घ्यावा लागला. ज्या नोंदीतून मंजुरी देणाऱ्याने काय पाहिले हे कळत नाही, ती आमच्या अंतर्गत लेखापरीक्षणाच्या कामाची नाही.

याच मंजुरी व्यवस्थेतील आणखी एक गोष्ट इथे नोंदवते, कारण तिचाही फटका आम्हाला बसला आहे. नियोजित वेळेपर्यंत मंजुरी मिळाली नाही तर आपले सॉफ्टवेअर पोस्ट रोखून धरते, हे बरोबर आहे. मात्र नंतर मंजुरी देताच ती कोणतीही सूचना न देता त्याच क्षणी प्रसिद्ध होते. देखभालीसाठी "आज रात्री ११ ते पहाटे ४ मोबाईल बँकिंग बंद राहील" अशी आमची एक पोस्ट प्रवासामुळे माझ्याकडून वेळेत पाहिली गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूर करताच ती प्रसिद्ध झाली आणि ग्राहकांनी त्यातील "आज रात्री" म्हणजे पुढची रात्र समजली. वेळ उलटून गेलेली पोस्ट मंजूर करताना, ती आत्ता पाठवायची, नवी वेळ लावायची की रद्द करायची, एवढा प्रश्न सॉफ्टवेअरने विचारायला हवा होता.

सध्या आम्ही संस्थेचे संपादनाचे अधिकार काढून घेतले आहेत. संस्था चित्रे ईमेलने पाठवते आणि मी स्वतः ती चढवून वेळ लावते. म्हणजे ज्या कामासाठी आपल्याला जास्तीचे पैसे देतो ते काम आम्ही हाताने करत आहोत, आणि माझे काम तपासणारे दुसरे कोणी उरलेले नाही.

तरी आमच्या पुढील मागण्यांवर पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. मंजुरीनंतर मजकूर, चित्र किंवा दुवा बदलल्यास मंजुरी आपोआप रद्द होईल अशी सुधारणा कोणत्या तारखेपर्यंत करणार, हे निश्चित सांगावे. मंजूर झालेले प्रत्येक रूप चित्रांसह इतिहासात जतन करून ते उतरवून घेण्याची सोय द्यावी. संबंधित पोस्टची सर्व्हरवरील संपूर्ण नोंद, शनिवारी काढून टाकलेल्या चित्राच्या फाइलच्या नावासह, आम्हाला पाठवावी. आणि सुधारणा होईपर्यंतच्या काळासाठी मूळ योजना व मंजुरीची सोय असलेली योजना यांच्या दरांतील फरक परत करावा. आमच्या कराराचे नूतनीकरण पुढील तिमाहीत आहे, आणि त्याबाबतची शिफारस मी आपले उत्तर पाहूनच व्यवस्थापनाकडे पाठवणार आहे.

आपली विश्वासू,
प्रसिद्धी अधिकारी

सोबत : मंजुरीच्या पडद्याचे आणि पोस्टच्या इतिहासाचे स्क्रीनशॉट, चाचणी पेजवरील निरीक्षणांची नोंद, आपल्या मदत कक्षाच्या उत्तराची प्रत.